आमची वाटचाल : बर्फाच्या टाकीचा हिशेब आम्ही कसा शिकलो

आमचा धंदा दुधापासून सुरू झाला. 2008 साली मी आणि माझा भागीदार सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांवर कुलिंगच्या मशीन दुरुस्त करत फिरायचो. तिथे आइस बँक टँक असायची. सगळे तिला आयबीटीच म्हणतात. पाण्याच्या टाकीत पाइपांची कॉइल असते, त्यावर रात्रभर बर्फ चढतो आणि सकाळी दूध आलं की त्या बर्फाच्या पाण्यावर दूध तासाभरात थंड होतं. दूध येतं दिवसातून दोनदाच, त्यामुळे तेवढ्या वेळेपुरता मोठा कंप्रेसर कोणी बसवत नाही. लहान कंप्रेसर रात्रभर चालवायचा आणि थंडावा साठवून ठेवायचा, ही युक्ती आम्ही तिथे शिकलो.

पुण्यात शेड घेतल्यावर आम्ही इमारतींच्या एसी प्लांटची देखभाल करू लागलो. तेव्हा मोठ्या ग्राहकांच्या वीजबिलात वेळेप्रमाणे दर असायचा. रात्री 10 ते सकाळी 6 युनिटमागे सूट, सकाळी 9 ते 12 ऐंशी पैसे जादा आणि संध्याकाळी 6 ते 10 एक रुपया दहा पैसे जादा. तो कागद पाहून आम्हाला आयबीटीच आठवली. रात्री बर्फ करायचा, दिवसा वितळवायचा. 2014 साली एका ऑफिस इमारतीचं काम मिळालं आणि तिथेच आम्ही चुकलो.

ती इमारत सकाळी 9 ते संध्याकाळी 7 चालायची. एप्रिलमधल्या कडक उन्हाच्या दिवसाचा लोड, म्हणजे थंडाव्याची गरज, आम्ही तासातासाने काढला होता. इथला टन वजनाचा नाही, थंडावा देण्याच्या ताकदीचं माप आहे, आणि एक टन तासभर दिला की एक टन-तास. सकाळी 9 वाजता 110 टन, मग चढत चढत दुपारी 3 ते 4 मध्ये 200 टन, आणि शेवटच्या तासाला 120. सगळे तास मिळून 1600 टन-तास भरले. आम्ही म्हटलं, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, दिवसाचे 10 तास आणि रात्रीचे 8 तास असे 18 तास चालेल. 1600 भागिले 18, म्हणजे 89 टन. तेवढ्याच क्षमतेचा स्क्रू चिलर घेतला आणि 8 गुणिले 89, म्हणजे सुमारे 710 टन-तासांची टाकी बसवली. कागदावर सगळं जुळत होतं.

पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी साडेतीनला इमारतीच्या इंजिनिअर साहेबांचा फोन आला, "वरच्या दोन मजल्यांवर लोक घामाघूम झालेत, तुम्ही लगेच या." मी गेलो आणि थेट टाकीजवळ उभा राहिलो. आमच्या टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी लावलेली आहे. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणून बर्फ जितका जास्त तितकी नळीतली पातळी वर. बर्फ किती शिल्लक आहे हे पाहायला याहून भरवशाचं साधन मला अजून सापडलेलं नाही. नळीतलं पाणी अगदी खालच्या खुणेला टेकलं होतं. कॉइलमधून फिरणारं, शून्याखालीही न गोठणारं ग्लायकॉलचं द्रावण टाकीतून बाहेर पडताना सकाळी 3 अंशांवर होतं, ते आता 9 वर गेलं होतं. बर्फ संपला होता आणि दिवसातला सगळ्यात जड तास अजून चालूच होता.

चूक साधी होती, पण मुळातली होती. 89 टनांचा चिलर 89 टन देतो तो पाणी 7 अंशांना थंड करताना. बर्फ करायचा तर ग्लायकॉल उणे 5 किंवा 6 अंशांवर न्यावं लागतं. सक्शन प्रेशर उतरतं, कंप्रेसर दर फेरीला कमी वजनाचा गॅस ओढतो, आणि तोच चिलर जेमतेम 70 टक्के काम करतो. म्हणजे रात्रीच्या 8 तासांत बर्फ झाला तो 710 नव्हे, सुमारे 500 टन-तास. टाकी मोठी होती, पण ती भरतच नव्हती. टाकीची क्षमता आणि टाकीतला बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला त्या दुपारी कळलं. बर्फ करताना मिळणारी क्षमता चिलरच्या कॅटलॉगमध्ये वेगळ्या तक्त्यात लिहिलेली असते. तो तक्ता आम्ही पाहिलाच नव्हता.

हिशेब असा करायला हवा होता. दिवसाचे 10 तास पूर्ण धरायचे आणि रात्रीचे 8 तास 0.7 ने गुणून 5.6 धरायचे. बेरीज 15.6. मग 1600 भागिले 15.6, म्हणजे 103 टनांचा चिलर. रात्री त्यातून 103 गुणिले 0.7 गुणिले 8, म्हणजे सुमारे 575 टन-तास बर्फ होतो, आणि टाकी तेवढीच लागते. चिलर वाढतो, टाकी घटते. एका टन-तासाला सुमारे 38 किलो बर्फ लागतो, म्हणजे 575 ला जवळपास 22 टन वजनाचा बर्फ. त्यात न गोठता उरलेलं पाणी, कॉइल आणि टाकीचं स्वतःचं वजन मिळवलं की स्लॅबवर येणारा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये इतका होतो. आम्ही पदरचे पैसे घालून तिथे 25 टनांचा आणखी एक ग्लायकॉल चिलर बसवला. पुढच्या उन्हाळ्यात नळीची पातळी संध्याकाळी 7 वाजता खालच्या खुणेच्या बोटभर वर राहिली. मी तिचा फोटो काढून ठेवला आहे.

त्या दिवसाचा आणखी एक घाव नंतर दिसला. बर्फ संपल्यावर साहेबांनी जुना राखीव चिलर चालू केला होता. माणसं गुदमरत असताना त्यांनी दुसरं काय करावं? पण दिवसाची कमाल मागणी, म्हणजे एका वेळी खेचलेली सर्वाधिक वीज, मीटरमध्ये नोंदली गेली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मागणीचा आकार त्या महिन्याच्या सर्वोच्च मागणीवर किंवा आधीच्या 11 महिन्यांतल्या सर्वोच्च बिल-मागणीच्या 75 टक्क्यांवर, जे जास्त असेल त्यावर लागायचा. एका दुपारचा भार वर्षभर मागे लागला. म्हणून आता आम्ही चिलर आणि टाकी दोन्हीत 10 ते 15 टक्के जादा धरतो. शिवाय शेवटचा बर्फ कॉइलपासून लांब, पातळ उरलेला असतो, तो पाहिजे तितक्या वेगाने वितळत नाही. लोड उतरण्याआधी बर्फ संपत आला, तर आकडे पुरेसे असूनही पाणी गरमच येतं.

बिलाचा धडा आम्ही दोन वर्षांनी शिकलो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाला आम्ही सांगितलं होतं की रात्रीच्या दीड रुपयाच्या सुटीमुळे बिल खाली येईल. मग कागद घेऊन बसलो. हिशेबासाठी मूळ दर युनिटला 8 रुपये धरा. दिवसा एका टनाला तासाला 0.75 युनिट लागतात, बर्फ करताना 0.95. म्हणजे 575 टन-तास दिवसा केले असते तर सुमारे 430 युनिट, रात्री बर्फ केला तर 546. रात्री साडेसहा रुपयांनी 3550 रुपये, दुपारी आठ रुपयांनी 3440. सूट बर्फानेच खाऊन टाकली! दर युनिटची बचत जवळपास शून्य होती.

तरी बिल खरोखर उतरलं होतं. फायदा मागणीच्या आकारात होता. दुपारच्या शिखराला 200 टनांऐवजी 103 टनच यंत्राने दिले, म्हणजे सुमारे 73 किलोवॉट मागणी कमी झाली. रात्रीची मागणी त्या नियमात दिवसाच्या बिल-मागणीत मोजली जात नव्हती, म्हणून बर्फ करायला रात्री चिलर पूर्ण चालला तरी बोजा वाढला नाही. केव्हीएला 400 रुपये धरले तर महिन्याला 30 हजारांच्या आसपास. तेव्हापासून ग्राहकाशी बोलताना मी युनिटची सूट आधी काढतच नाही, मागणीचा आलेख आधी मागतो. आणि तो दर होता तोवर ऑपरेटरला सांगायचो की सकाळी 9 ते 12 चे ऐंशी पैसे वाचवायला बर्फ लवकर उधळू नका. सकाळचे काही शे रुपये वाचवाल आणि दुपारी तीनला मागणीचा आकडा चढेल.

मग दराचे तासच बदलले. 2023 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला: सौर तासांत दर सामान्यापेक्षा किमान 20 टक्के कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या तासांत किमान 1.2 पट. महाराष्ट्रातही 2025 मध्ये सवलत रात्रीवरून सकाळी 9 ते 5 कडे आली आणि जादा आकार संध्याकाळी 5 नंतर सुरू झाला. रात्रीच्या बर्फाचं गणित एका फटक्यात पालथं झालं.

त्याच सुमारास एका रुग्णालयाने आम्हाला बोलावलं. संध्याकाळी 5 ते मध्यरात्री त्यांचा लोड 90 टनांवरून हळूहळू 55 वर येतो. सात तासांचे 540 टन-तास. राखीव 150 टनांचा स्क्रू चिलर पडून होता. भर दिवसा, गरम कुलिंग टॉवरवर, बर्फ करताना तो 97 टन देईल असं आम्ही काढलं, म्हणजे सहा तासांत टाकी भरते. क्षमता जुळली. पण पैशाचं? दिवसा बर्फाला टनामागे साधारण 1 युनिट, म्हणजे 540 युनिट, 6.40 रुपयांनी 3456. संध्याकाळी थेट चालवला तर 405 युनिट, 9.60 रुपयांनी 3888. दिवसाला 432 रुपये बचत. वर दिवसा जादा चिलर चालल्याने मागणीही वाढणार. त्या पैशात टाकीची किंमत कधीच निघत नाही.

मी डॉक्टर मॅडमना सरळ सांगितलं, "मॅडम, बर्फ नको. तुमच्या आवारात जागा आहे, थंड पाण्याची टाकी बांधू." पाणी 5 अंशांवर साठवायला चिलर जवळपास आपल्या नेहमीच्या ताकदीने चालतो, बर्फासारखे 30-35 टक्के गमवावे लागत नाहीत. 8 अंशांचा फरक मिळाला तर 540 टन-तासांना सुमारे 205 घनमीटर पाणी लागतं, आणि वरचं गरम पाणी खालच्या थंडात मिसळतं त्यासाठी जादा धरून 230. बर्फाच्या टाकीच्या पाचपट जागा, पण बचत दिवसाला जवळपास 1300 रुपये. मागणी वाढू नये म्हणून ती टाकी सकाळी 9 ते 12 आणि दुपारी 3 नंतर, मुख्य चिलरचा लोड ज्या तासांत हलका असतो तेव्हा भरायची ठरली.

भागीदार म्हणाला, "दादा, आपण बर्फवाले आणि पाणी विकतोय." ते काम आम्ही घेतलं. खोदकाम झालं आहे, सध्या टाकीला आतून इन्सुलेशन बसतंय. ऑफिस इमारतीत मात्र बर्फ अजून रात्रीच होतो, कारण तिथला चिलर दिवसा पूर्णपणे लोडखाली असतो आणि सवलतीच्या तासांत बर्फ करायला त्याच्याकडे एक टनही शिल्लक नाही. दराच्या नव्या तासांप्रमाणे तिथे काय करावं याचा तासवार तक्ता मी पुन्हा मांडायला घेतला आहे. गेल्या आठवड्यात इंजिनिअर साहेबांकडून 12 महिन्यांचे मीटर वाचन मागवलं, ते आलं की बसू.