पेडेस्टल फॅन, भाग ३: टोपी निघाली, पण पातं गेलं

तर मंडळी, टोपी निघाली. तिसऱ्या रविवारी. मात्र निघाली ती मी ठरवलेल्या पद्धतीने नाही, आणि त्या नादात मागच्या वेळी केलेलं माझं निदानही बरंचसं चुकीचं ठरलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वारा कमी लागतो म्हणून कॅपॅसिटर बदलला आणि फरक पडला नाही, इथपर्यंत मागच्या भागात आलो होतो. पुढचा बुश सुकलाय असं वाटत होतं. त्याच्यापर्यंत पोचायचं तर पातं काढावं लागतं, आणि पात्यापुढे ही उलट्या आट्यांची टोपी. समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तसे आटे ठेवण्याचं कारणही तेच: माझा पंखा समोरून पाहिलं तर काट्यांच्या दिशेने फिरतो, पातं हवेच्या अडथळ्याने शाफ्टच्या किंचित मागे राहू पाहतं आणि टोपीला घट्ट होण्याच्या बाजूला ओढतं. सरळ आटे असते तर टोपी चालता चालता सुटून आली असती.

पहिले दोन रविवार नेहमीचे उपाय झाले. रबरी हातमोजा, मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पकड. ट्यूबची पट्टी हे या कामातलं सगळ्यात चांगलं हत्यार आहे असं माझं मत. मुद्दाम आणलेला पट्टा पाना टोपीच्या निमुळत्या आकारावरून घसरत होता आणि कडेच्या रेघा घासून गेल्या, म्हणून तो परत कपाटात. हेअर ड्रायरने तीन मिनिटं शेकून पाहिलं. प्लास्टिक लोखंडापेक्षा जास्त फुगतं, हिशोब बरोबर आहे, पण टोपीबरोबर शाफ्टही कोमट झाला आणि काही हललं नाही. हीट गनच्या वाटेला मी गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका, टोपीची पुरणपोळी होईल.

मग तेल. टोपीचं तोंड पुढून बंद असतं, त्यामुळे पुढून कितीही फवारा, आट्यांपर्यंत काही पोचत नाही. म्हणून पुढची जाळी काढून पंखा तोंड खाली करून दोन स्टुलांवर मागच्या जाळीच्या कडेवर टेकवला, आणि मागून जाळीतून लांब नळीने हबच्या मागे, शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे चार थेंब सोडले. तेल शाफ्टवरून खाली आट्यांकडे उतरतं आणि बुशात किंवा वाइंडिंगकडे जात नाही, हा दुहेरी फायदा. आधी एक थेंब पात्याच्या कोपऱ्यावर टाकून रात्रभर ठेवून पाहा. काही तेलांनी प्लास्टिकला, विशेषतः पारदर्शक पात्यांना, केसासारख्या चिरा जातात.

इथे एक मूर्खपणा कबूल करतो. पंखा पालथा असताना मी खालून हात घालून टोपी फिरवत होतो आणि बघत होतो वरून, म्हणजे पंख्याच्या मागून. मागून पाहिलं की काट्यांची दिशा उलटी होते. पाऊण तास मी ती मनापासून आवळत होतो.

पंखा पुन्हा उभा केला, पातं डाव्या हाताने हबजवळ धरलं (टोकाशी धरलं तर पातं वाकतं), उजव्या हाताने टोपीला झटका दिला. आणि फिरली! अर्धा फेरा, एक फेरा, दोन फेरे. मी घरात ओरडलोसुद्धा. पण सहा फेरे झाले तरी टोपी पुढे येईना. टोपी आणि हब यांच्यामध्ये नखही जाईना. पहिला विचार आला, आटे गेले. वाईट वाटलं, कारण शाफ्टचे आटे गेले तर प्रकरण रोटरपर्यंत जातं.

रात्री झोप न आल्याने उठून मार्करने खुणा केल्या. एक रेघ टोपीवरून हबवर, आणि मागच्या बाजूला एक ठिपका शाफ्टमधून आडव्या जाणाऱ्या पिनवर, समोर एक ठिपका हबवर. मागचं नीट दिसत नाही म्हणून फोन जाळीला टेकवून व्हिडिओ लावला आणि टोपी फिरवली. व्हिडिओत सगळं उघड झालं. पातं माझ्या हातात स्थिर, आणि पिन टोपीबरोबर गोल फिरतेय. म्हणजे टोपी आट्यांवरून सरकतच नव्हती. टोपी आणि शाफ्ट एकजीव होऊन हबच्या आत फिरत होते. पिन जिच्यात बसते ती हबमागची खाच झिजून तिचे काठ उडाले होते.

आता मागचे सगळे धागे जुळले. वारा कमी, कारण पातं शाफ्टवर घसरत होतं, नुसत्या टोपीच्या दाबावर ओढलं जात होतं. चालू करताना येणारा तो ‘खर्र’ आवाज, जो मी बुशाच्या खात्यावर टाकला होता, तो बहुधा हाच. आणि टोपी इतकी का आवळली गेली तेही कळलं: घसरणारं पातं प्रत्येक वेळी तिला आणखी घट्ट होण्याकडे ओढत होतं. पातं धरून टोपी सोडवायची तर पातं शाफ्टला धरून ठेवणारं हवं. माझं नव्हतं.

लांब चोचीची पक्कड बाजूने घालून पिन धरायचा बेत केला, पण हब आणि मागच्या जाळीच्या नटामध्ये जेमतेम बोटाएवढी फट. पक्कड पोचायची, उघडायची नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: खाच गेलेलं पातं मी वाचवतोय कशासाठी? ते बदलायचंच आहे. वाचवायचे आहेत शाफ्टचे आटे.

मग हॅकसॉचं नुसतं पान एका टोकाला फडकं गुंडाळून हातात घेतलं. आधी तिन्ही पाती मुळाशी कापली, मग हबला समोरासमोर दोन उभे काप. शाफ्टला दात लागू नयेत म्हणून शेवटचा मिलिमीटरभर सोडला आणि कापात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळला. ‘टक’ झालं, हबची दोन शकलं बाजूला पडली. टोपीमागचा दाब त्याच क्षणी गेला. पिन आता उघडी, तिच्यावर ग्रिप प्लायर लावला, टोपीच्या मागच्या तोंडाशी दोन थेंब तेल, दहा मिनिटं थांबलो. ट्यूबची पट्टी, काट्यांच्या दिशेने एक झटका. सुटली. पुढचे फेरे दोन बोटांनी. मागच्या दोन आट्यांवर तपकिरी गंज होता, बाकीचे चकचकीत.

ज्यांचं पातं धड आहे त्यांनी करवत काढू नका. आधी ठिपक्यांची खूण करा. पिन आणि हब एकत्र फिरत असतील तर खाच शाबूत आहे, मग तेल, रात्रभर वाट आणि झटका यावरच भागेल.

नवं पातं मागवताना टोकापासून टोकापर्यंतचं माप, हबच्या भोकाचा व्यास (माझा शाफ्ट ८ मिमी) आणि मागे पिनेची खाच आहे का हे पाहून घेणार. काही हबना खाचेऐवजी चपटी कड असते, ती या शाफ्टवर चालणार नाही. टोपी पात्याबरोबरच घेतो, जुनीच्या कडा गेल्यात. बसवताना फक्त बोटांनी आवळायची, उरलेलं पंखा स्वतः आवळतो.

शाफ्ट आता हाताने फिरवला तर थोडा जड जातोय, म्हणजे बुशाचा संशय अगदीच खोटा नव्हता. पुढच्या रविवारी मोटर उघडतो. आणि हो, काढून टाकलेला कॅपॅसिटर आज मीटरवर मोजला. २.५ मायक्रोफॅरडचा, दाखवतो २.४. बिचारा ठणठणीत होता.