ग्रीन बीन्सची पुढची ऑर्डर कधी टाकायची: लीड टाइम डळमळीत असताना रिऑर्डर पॉइंट

रोस्टिंगच्या वहीत यावेळी रोस्ट प्रोफाइल नाही, साठ्याचा हिशेब आहे. घरी रोस्ट करणाऱ्या बहुतेकांची अडचण एकच असते. चिकमगळूरहून ग्रीन बीन्स, म्हणजे कॉफीच्या कच्च्या बिया, मागवल्या की कधी सहाव्या दिवशी पार्सल दारात, तर कधी अडीच आठवडे पत्ता नाही. ‘डबा अर्धा झाला की मागवायचं’ हा नियम अशा वेळी फसतो, कारण अर्धा डबा किती दिवस पुरला पाहिजे हेच ठरलेलं नसतं. मी मागच्या दहा ऑर्डरींच्या तारखा नीट उतरवून रिऑर्डर पॉइंट, म्हणजे साठा कितीवर आला की मागवायचं तो आकडा, काढला. तो कसा आला ते सगळं इथे मांडतो.

आधी माझी परिस्थिती. गॅसवरच्या छोट्या ड्रममध्ये मी एका वेळी ७०० ग्रॅम कच्च्या बिया भाजतो. घरची कॉफी आणि ऑफिसातली चार-पाच माणसं धरून आठवड्याला साधारण दोन घाणे, म्हणजे १४०० ग्रॅम. दर चार आठवड्यांतला एखादा आठवडा वेगळा निघतो, एकच घाणा होतो किंवा तीन होतात. त्यामुळे आठवड्याच्या खपाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप, ३५० ग्रॅम येतं. ऑर्डर दर वेळी ५ किलोची, पुण्यात, एकाच पुरवठादाराकडून.

लीड टाइम, म्हणजे पैसे भरल्यापासून पार्सल हातात येईपर्यंतचे दिवस, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून: ६, ७, ७, ८, ९, ९, १०, १२, १४, १८. सरासरी बरोबर १० दिवस. स्टँडर्ड डेव्हिएशन ३.७ दिवस.

लीड टाइम दर वेळी ठरल्यासारखा १० दिवसच असता, तर गणित सोपं होतं: रोजचा खप २०० ग्रॅम, दहा दिवसांचे २ किलो, वर खपाच्या चढउतारासाठी थोडा सेफ्टी स्टॉक. इथे मात्र दोन गोष्टी एकाच वेळी हलतात, खपही आणि दिवसही. दिवस हलले की त्याचा परिणाम खपाने गुणून येतो. पार्सल चार दिवस उशिरा आलं तर ८०० ग्रॅमचा खड्डा पडतो, मग त्या दिवसांत खप अगदी नेहमीसारखा का असेना. म्हणून सूत्रात दोन्ही हलणाऱ्या गोष्टींचे वर्ग वेगवेगळे येतात आणि मग त्यांची बेरीज होते:

```
ROP = d*L + z*sqrt( L*sd^2 + d^2*sL^2 )
```

यात ROP म्हणजे रिऑर्डर पॉइंट, d म्हणजे रोजचा सरासरी खप, L म्हणजे सरासरी लीड टाइम, sd रोजच्या खपाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, sL लीड टाइमचं, आणि z म्हणजे किती खात्री हवी त्यावरून ठरणारा आकडा. सगळं एकाच एककात हवं, सगळं दिवसांत किंवा सगळं आठवड्यांत. इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्यावा. आठवड्याचा खप ७ ने भागला की रोजचा खप मिळतो, पण आठवड्याचं डेव्हिएशन ७ ने भागून रोजचं डेव्हिएशन मिळत नाही, ते ७ च्या वर्गमुळाने भागायचं. ३५० भागिले २.६५, म्हणजे १३२ ग्रॅम. सरळ ७ ने भागून ५० धरलं, तर खपाच्या चढउताराचा वाटा सात पटींनी कमी दिसतो आणि साठा गरजेपेक्षा कमी पडतो. रोजचे दिवस एकमेकांवर अवलंबून नाहीत असं यात गृहीत धरलेलं आहे.

आता आकडे घालू. खपाचा वाटा: १० गुणिले १३२ चा वर्ग, सुमारे १,७५,०००. लीड टाइमचा वाटा: २०० चा वर्ग गुणिले ३.७१ चा वर्ग, सुमारे ५,५१,०००. बेरीज ७,२६,०००, तिचं वर्गमूळ ८५२ ग्रॅम. ९५ टक्के खात्रीसाठी z असतो १.६४५, म्हणजे सेफ्टी स्टॉक १.४ किलो. त्यात सरासरी दहा दिवसांचे २ किलो मिळवले की रिऑर्डर पॉइंट ३.४ किलो.

या दोन वाट्यांकडे नीट बघा. बेरजेतला तीन चतुर्थांश भाग लीड टाइमचा आहे. लीड टाइम स्थिर मानून काढलं असतं तर आकडा २.७ किलो आला असता. दुसऱ्या टोकाला, सर्वांत जास्त खपाचा आठवडा आणि सर्वांत जास्त दिवस यांचा गुणाकार करण्याची पद्धतही अनेक जण वापरतात. माझ्या बाबतीत ती २१०० ग्रॅमच्या आठवड्याने १८ दिवसांचे ५.४ किलो सांगते, म्हणजे पूर्ण ऑर्डरपेक्षाही जास्त. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत एवढी कच्ची बी पडून राहणं मला नको. हवाबंद पिशवी उघडली की बी ओलावा ओढते, फुगते, फिकट होते आणि भाजताना पहिल्या टप्प्यातच वेळ खाते. किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात मुद्दाम ठेवून मॉन्सून्ड मलबार बनवतात तो हाच बदल. आपल्याला वॉश्ड अरेबिकाचा स्वच्छ आंबटपणा हवा असेल तर तो नकोच.

९५ टक्क्यांचा अर्थही सरळ समजून घेऊ. शंभरातल्या ९५ दिवशी कॉफी मिळेल असा तो नाही. पार्सल वाटेत असताना बिया संपण्याची शक्यता दर ऑर्डरीला ५ टक्के, हा त्याचा अर्थ. माझा वर्षाचा खप ७३ किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला १४-१५ ऑर्डरी. त्या हिशेबाने सव्वा ते दीड वर्षात एकदा तुटवडा. घरगुती छंदासाठी हे चालतं. विकत देणाऱ्याने ९९ टक्के धरावेत, z २.३३, रिऑर्डर पॉइंट जवळजवळ ४ किलो. शेवटच्या चार टक्क्यांसाठी सहाशे ग्रॅम बी कायम डब्यात पडून राहते. हा सौदा ज्याचा त्याने ठरवावा.

शीटमध्ये C2 ते C11 लीड टाइमचे दिवस, B1 मध्ये २००, B2 मध्ये १३२ ठेवले की हे एका ओळीत होतं:

```
=B1*AVERAGE(C2:C11)+NORM.S.INV(0.95)*SQRT(AVERAGE(C2:C11)*B2^2+B1^2*VAR.S(C2:C11))
```

सूत्राची मर्यादा आमच्याच यादीत दिसते. लीड टाइम घंटीच्या आकारात पसरलेला नाही. सहाच्या खाली तो जात नाही, वर मात्र १४ आणि १८ पर्यंत शेपूट आहे. १८ दिवसांना सरासरी खपानेच ३.६ किलो लागतात. म्हणजे ३.४ किलोवर मागवूनही त्या खेपेला शेवटचा एक दिवस डबा रिकामा राहिला असता. आपलं शेपूट असं लांब असेल तर सूत्राच्या आकड्याशेजारी प्रत्येक जुन्या लीड टाइमला लागणारे ग्रॅम लिहून ठेवावेत. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर असले की ९५ टक्के हा शब्द किती ताणायचा ते कळतं. दहा नोंदींवरून वीसात एक वेळा घडणारी गोष्ट नेमकी सांगता येत नाही, तेव्हा दुसऱ्या दशांशाचा हट्ट सोडावा.

यापुढचा भाग मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. मी लीड टाइमचे दोन तुकडे केले: ऑर्डर ते कुरियरला दिल्याचा मेसेज, आणि मेसेज ते दार. दुसरा तुकडा दहाही वेळा ४ किंवा ५ दिवसांचा निघाला. चढउतार जवळजवळ सगळा पहिल्या तुकड्यात, २ पासून १३ दिवसांपर्यंत. मग जुने मेसेज चाळले. १४ आणि १८ दिवसांच्या दोन्ही खेपांना मी मागवलेला लॉट संपत आलेला होता आणि पुरवठादार क्युरिंग वर्क्समधून पुढचा माल सोलून, निवडून येण्याची वाट बघत होता. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, त्यानंतर वर्षभर जो तो आहे त्या साठ्यावर चालतो, त्यामुळे लॉट बदलताना अशी फट पडणं साहजिक आहे.

आता पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारतो: “हा लॉट पोत्यात तयार आहे का, की यायचा आहे?” यायचा असेल तर त्याच इस्टेटचा दुसरा लॉट घेतो किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडे वळतो. या सवयीने ती दोन टोकं गेली तर उरलेल्या आठ नोंदींची सरासरी ८.५ दिवस, डेव्हिएशन १.९. रिऑर्डर पॉइंट येतो २.६ किलो. एका प्रश्नाने ८०० ग्रॅम बी कमी साठवावी लागते.

पण ‘अपवाद’ म्हणून मोठे आकडे यादीतून काढण्याची घाई करू नये. कारण खरोखर काबूत आलं असेल तरच तो आकडा काढायचा, नाहीतर शीटवर साठा पुरेसा दिसेल आणि डबा रिकामा. मी अजून शीटमध्ये ३.४ च ठेवला आहे. प्रश्न विचारून टाकलेल्या आणखी पाच-सहा ऑर्डरी १२ दिवसांच्या आत आल्या की मग २.६ वर उतरेन.

सूत्राबाहेरची एक गोष्ट मोजमापाची आहे. रिऑर्डर पॉइंट ओलांडला तो क्षण दिसला पाहिजे, आणि आपला साठा एका झटक्यात ७०० ग्रॅमनी उतरतो. डब्यात ३.६ किलो असताना ‘अजून वर आहे’ म्हणून घाणा टाकला की थेट २.९ वर. एक तृतीयांशाहून जास्त सेफ्टी स्टॉक लीड टाइम सुरू होण्याआधीच गेला, कारण साठ्यातले १.४ किलोच मुळात सुरक्षेसाठी होते आणि ५०० ग्रॅम त्यातून निघाले. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीवर मी घाण्याआधीच वजन लिहितो, त्यातून ७०० वजा करतो, आणि उत्तर ३.४ च्या खाली गेलं तर ड्रम तापायला ठेवण्याआधी ऑर्डर टाकतो. फक्त रविवारीच साठा बघणाऱ्यांनी वजनाच्या या हिशेबापेक्षा दिवसच वाढवावेत: लीड टाइमच्या सरासरीत सात दिवस मिळवून L घ्यावा, दोन्ही ठिकाणी.

दिवाळीचा काळ मी या यादीत धरलेला नाही. तेव्हा भेट द्यायला घाणे वाढतात आणि त्याच आठवड्यात पुरवठादार बंद असतो, कुरियरही तुंबलेलं. खप आणि लीड टाइम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे सूत्राचं गृहीतक तिथे मोडतं, म्हणून दिवाळीसाठी वेगळी ऑर्डर महिनाभर आधी जाते. त्यासाठी रिऑर्डर पॉइंट वाढवून वर्षभर जास्त बी सांभाळत बसणं मला पटत नाही.

पुढच्या नोंदीत दोन पुरवठादारांचे लीड टाइम शेजारी शेजारी मांडीन. दुसऱ्याचा माल किलोमागे महाग पडतो, पण पाठवण्याचा दिवस ठरलेला आहे. त्याच्या चार नोंदी झाल्यात. आणखी काही आल्या की कमी साठ्यातून वाचलेल्या बियांची किंमत त्या महागाईला भरून काढते का, ते आकड्यांत दिसेल.