बॉन्डमधला दाणा आणि ड्रॉबॅकचे एकोणचाळीस हजार

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. पॉलीकार्बोनेटची पारदर्शक कव्हरं बनवतो, बरीचशी निर्यातीची. त्याचा प्लास्टिकचा दाणा परदेशातून येतो, कारण गिऱ्हाइकाने मंजूर केलेला ग्रेड इथे मिळत नाही. अडचण अशी की गिऱ्हाईक ऑर्डर देतं पाच टनाची आणि सप्लायर अख्ख्या कंटेनरखाली बोलायला तयार नसतो. वीस टन दाणा एकदम आला की त्याच दिवशी सगळी आयात ड्युटी भरायची, आणि माल वापरायचा चार-पाच महिने.

आकडे सोपे करून सांगतो. दाणा किलोला दोनशे रुपये धरला, तर वीस टनांची किंमत ४० लाख. त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी म्हणजे ३ लाख, तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ३० हजार, आणि या सगळ्या बेरजेवर अठरा टक्के आयजीएसटी, ७ लाख ७९ हजार ४००. एकूण ११ लाख ९ हजार ४०० रुपये. आमच्यासारख्याचं महिन्याचं खेळतं भांडवल तिथेच अडकतं.

आमच्या सीएने आधी ॲडव्हान्स ऑथोरायझेशन सुचवलं होतं. त्यात ड्युटीच लागत नाही, पण ठरलेली निर्यात करून दाखवायची जबाबदारी गळ्यात येते, आणि आमचा चौथा हिस्सा माल देशातच विकला जातो. कारखानाच बॉन्डखाली, म्हणजे ड्युटी न भरता कस्टम्सच्या नियंत्रणाखाली नेऊन कस्टम्स कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे उत्पादन करायचं, हाही रस्ता होता. पण तसा बनवलेला माल ड्रॉबॅकच्या, म्हणजे निर्यातीनंतर मिळणाऱ्या ड्युटी परताव्याच्या, दरपत्रकातून बाद होतो. मग ठरवलं की दाणा न्हावा शेवाजवळच्या पब्लिक बॉन्डेड गोदामात ठेवायचा, लागेल तसा ड्युटी भरून काढायचा आणि निर्यात झालेल्या मालावरची ड्युटी ड्रॉबॅकने परत मागायची.

गोदामात माल टाकताना इनबॉन्ड बिल ऑफ एन्ट्री भरतात. त्यात ड्युटीची आकारणी होते, पण पैसे भरायचे नसतात. त्याऐवजी ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बॉन्ड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यावा लागतो. आमचा झाला ३३ लाख २८ हजार २०० चा. आकडा बघून वडिलांनी चष्मा काढून पुसला. पण तो कागद आहे, रोख नव्हे. माल ड्युटी न भरता गायब झाला तर सरकारने वसूल करायचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. पुढे प्रत्येक लॉट काढताना एक्सबॉन्ड बिल ऑफ एन्ट्री भरायचं, त्या लॉटपुरती ड्युटी भरायची आणि ट्रक भोसरीला आणायचा.

इथे पहिला फटका बसला. बॉन्डमध्ये माल वर्षभर राहू शकतो, पण बिनव्याजी फक्त नव्वद दिवस. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की नव्वद दिवस गोदामात माल उतरल्यापासून मोजत नाहीत. कस्टम्स अधिकारी माल गोदामात ठेवायची परवानगी देतो, त्या आदेशाच्या तारखेपासून मोजतात. आमचा कंटेनर बंदरातून गोदामात पोचायलाच आठवडा गेला होता आणि मी गोदामाच्या पावतीवरची तारीख धरून बसलो होतो. त्यात ऑर्डर लांबली. तिसरा लॉट सत्तावीस दिवस उशिरा निघाला. त्या पाच टनांची ड्युटी २ लाख ७७ हजार ३५०, वर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज, साधारण ३ हजार ७७ रुपये. रक्कम छोटी आहे, पण हे व्याज ड्रॉबॅकमध्ये परत येत नाही. गेलं ते गेलं.

मधे बजेट आलं तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. ड्युटीचा दर एक्सबॉन्ड भरता त्या दिवसाचा लागतो, पण डॉलरचा भाव मात्र इनबॉन्ड भरलं त्या दिवसाचाच राहतो. म्हणजे बॉन्डमध्ये माल ठेवून रुपया सुधारायची वाट बघण्यात काही अर्थ नाही. ड्युटी कमी होईल अशी आशा मात्र ठेवता येते, वाढण्याची भीतीही तितकीच.

आता ड्रॉबॅककडे येतो. आयजीएसटीचा यात संबंध नाही, त्याचं क्रेडिट मिळतं आणि एलयूटीवर, म्हणजे कर न भरता हमीपत्रावर, निर्यात केली की साठलेल्या क्रेडिटचा परतावा जीएसटीकडे मागायचा. ड्रॉबॅक मागायचा तो कस्टम ड्युटीचा. अधिभार बाजूला ठेवून फक्त बेसिकवर बोलतो. त्यासाठी दोन वाटा. एक ऑल इंडस्ट्री रेट, म्हणजे सरकारने प्रत्येक प्रकारच्या मालाला आधीच ठरवून दिलेला टक्का. कागद जवळजवळ शून्य, शिपिंग बिल भरलं की झालं. दुसरी ब्रँड रेट, म्हणजे तुमच्या मालात खरोखर किती ड्युटी भरलेला कच्चा माल गेला ते सिद्ध करायचं आणि तेवढीच मागायची.

पहिली खेप ५० हजार कव्हरांची, जहाजावर चढवेपर्यंतची म्हणजे एफओबी किंमत २२ लाख. आमच्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचे कागद करणाऱ्या एजंटच्या, माणसाने सवयीने ऑल इंडस्ट्री रेट टाकून शिपिंग बिल भरलं. आमच्या मालाला तो दीड टक्क्याच्या आसपास पडत होता, म्हणून ३३ हजार आले. मी खूश. महिन्याभराने हिशेब जुळवताना लक्षात आलं की त्या खेपेत पाच टन दाणा गेला आणि त्यावर आम्ही ७५ हजार बेसिक भरली होती. ड्रॉबॅकच्या नियमांतला नियम ७ म्हणतो, की ठरलेला दर प्रत्यक्ष भरलेल्या ड्युटीच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी पडत असेल तर ब्रँड रेट मागता येतो. ७५ हजारांचे ऐंशी टक्के ६० हजार, आम्हाला मिळाले ३३. मागणी अगदी रास्त होती. पण त्याच नियमात हेही आहे, की ऑल इंडस्ट्री रेटचा दावा एकदा केला असेल तर त्या मालाला ब्रँड रेटची दारं बंद. मी सीएचएकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी सांगायला हवं होतं." खरं तर विचारायचं काम त्याचं होतं, पण सही माझी होती.

दुसऱ्या खेपेला शिपिंग बिलात ड्रॉबॅकच्या रकान्यात 9807 टाकायला लावलं. नियम ७ खाली ब्रँड रेट मागणार हे त्यातून नोंदलं जातं. मग लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या, म्हणजे माल निर्यातीला सोडायच्या कस्टम्सच्या आदेशाच्या, तारखेपासून तीन महिन्यांत अर्ज. मुदत वाढवून मिळते, पण शुल्क भरून. मी पाचव्या आठवड्यात अर्ज दिला. सोबत ड्रॉबॅकची म्हणजे डीबीकेची विवरणपत्रं: एका नगाला कोणता माल किती लागतो, तो कुठून आणला, त्यावर किती ड्युटी भरली.

दोन आठवड्यांत शंका आली. आयात मालाच्या विवरणात आमच्या ऑफिसने इनबॉन्ड बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर लिहिला होता. कागदावर त्यात ड्युटीचा आकडा आहे, पण भरल्याचं चलन नाही, कारण तिथे भरलेलीच नसते. अधिकाऱ्याने बरोबर विचारलं, "ड्युटी भरली कुठे?" ड्रॉबॅकसाठी पुरावा लागतो एक्सबॉन्डचा. प्रत्येक लॉटचं एक्सबॉन्ड बिल आणि त्याचं चलन जोडून परत पाठवलं. बॉन्डमध्ये माल ठेवणाऱ्या प्रत्येकाकडून ही चूक होईल असं मला वाटतं, कारण कंटेनरचे सगळे कागद इनबॉन्डच्या नंबरानेच फाइलला लावलेले असतात.

मग सुपरिंटेंडेंट पडताळणीला आले. मी चहा, फाइली, सगळं मांडून बसलो होतो. ते थेट मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "एक शॉट मारून दाखवा." डाय दोन कॅव्हिटीची. काटा आणवला. शॉट रनरसकट, म्हणजे साच्यातल्या वाटेत गोठलेल्या प्लास्टिकसकट, १९८ ग्रॅम भरला. रनर तोडून दोन्ही कव्हरं वजन केली, १९० ग्रॅम. म्हणजे नगाला ९५ ग्रॅम कव्हर आणि ४ ग्रॅम रनर. आमच्या विवरणात नगाला १०० ग्रॅम लिहिलेले.

"हा एक ग्रॅम कुठे जातो?"

मी पर्जिंगची गोळ्यांची पोती दाखवली. सकाळी बॅरल साफ करताना आणि तापमान बसेपर्यंत जो जळका, पिवळट माल निघतो तो. ते त्यांना पटलं, रजिस्टर होतंच. मग त्यांनी रनरच्या टबकडे बोट दाखवलं. "याचं काय करता?" मी सरळ सांगितलं, ग्राइंड करून देशातल्या गिऱ्हाइकाच्या काळ्या पार्टमध्ये घालतो. पारदर्शक कव्हरात ग्राइंडिंग चालत नाही, धूसरपणा येतो. ते म्हणाले, "मग तो निर्यात झाला नाही ना?"

हे तर्काने बिनतोड होतं. ५० हजार नगांचा रनर २०० किलो. तो त्यांनी ५,००० किलोतून वजा केला. राहिले ४,८०० किलो, त्यांची किंमत ९ लाख ६० हजार आणि त्यावरची बेसिक ड्युटी ७२ हजार. तेवढा ब्रँड रेट मंजूर झाला. पहिल्या खेपेला हाच हिशेब लावला असता तर ३९ हजार जास्त आले असते. हा आकडा मी केबिनमधल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलाय, वडिलांना तो आवडत नाही.

जाताना त्यांनी एक गोष्ट विचारली जी मला तेव्हा किरकोळ वाटली: कुठल्या पोत्यातला दाणा कुठल्या खेपेत गेला हे सांगता येईल का? शॉप फ्लोअरवर सगळे लॉट एकाच हॉपरमध्ये पडतात. ड्रायरला १२० अंशावर चार तास सुकवताना पोऱ्या जे पोतं हाताला लागेल ते फोडतो. त्या वेळी एकच लॉट आत आलेला होता म्हणून निभावलं.

आता पोत्यांवर एक्सबॉन्डचा नंबर मार्करने लिहितो आणि बॅच कार्डावर तोच नंबर चढतो. काळ्या पार्टला लागणारा दाणा वेगळ्या कोपऱ्यात, कारण त्याच्यावरची ड्युटी कधीच परत येणार नाही. सध्याच्या कंटेनरमधले तीन लॉट निघालेत, चौथा बॉन्डमध्येच आहे. त्याचा आदेश ११ तारखेचा. नव्वदावा दिवस रविवारी येतोय, म्हणून एक्सबॉन्ड शुक्रवारीच भरायला सांगितलंय.