दाब चढेना तेव्हा

पुण्यातल्या एका कंपनीची सर्व्हर रूम. दरवर्षीची डोअर फॅन टेस्ट, म्हणजे दाराच्या चौकटीत पंखा बसवून खोली किती गळते ते मोजायचं. आग लागली की खोलीत सोडला जाणारा, आग विझवणारा गॅस मागच्या वर्षी 14 मिनिटं टिकेल असं आलं होतं. नियम 10 मिनिटांचा, त्यामुळे तासाभरात मोकळा होईन असं मी धरून चाललो होतो.

पंखा पूर्ण वेगात गेला तरी दाब 10 पास्कलच्या वर चढेना. आधी वाटलं मीटरची नळी निसटली असेल. मग वर पाहिलं. फॉल्स सीलिंगच्या टाइल्स नव्या होत्या, जाळीच्या. एसीवाला म्हणाला, "सर, रॅक तापत होते, म्हणून गरम हवा वरून खेचायला घेतली." एक टाइल सरकवून टॉर्च मारला, तर पलीकडच्या पॅसेजचा दिवा दिसला. पार्टिशन स्लॅबपर्यंत गेलंच नव्हतं. टाइल्स बंद होत्या तोवर ते कुणाला जाणवलं नाही.

पार्टिशन वर नेऊन सील केल्यावर आठवड्याने पुन्हा टेस्ट घेतली. 6 मिनिटं! मग पंख्याने खोलीतली हवा बाहेर खेचायला लावली आणि अगरबत्ती घेऊन फॉल्स फ्लोअरखाली शिरलो. यूपीएस रूमकडे जाणाऱ्या केबलच्या भोकापाशी धूर सरळ माझ्या तोंडावर आला. हा आग विझवणारा गॅस, एफएम-200, हवेपेक्षा कितीतरी जड, म्हणून खालचं भोक वरच्यापेक्षा जास्त नडतं: तिथून गॅस निसटतो आणि वरून हवा भरत जाते. भोक बुजवल्यावर 12 मिनिटं आली.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. सिलिंडरमधला 79 किलो गॅस खोली आणि फॉल्स फ्लोअर मिळून 126 घनमीटरसाठी मोजला होता, 7.9 टक्के धरून. आता वरची 24 घनमीटर पोकळीही त्यात आली. तेवढाच गॅस 150 घनमीटरमध्ये पसरला तर प्रमाण 6.7 टक्क्यांवर येतं. टिकवायची किमान पातळी 7.9च्या 85 टक्के, म्हणजे तीही 6.7च. सुरुवातच तळाशी!

लागणार होता 94 किलो गॅस. "त्याच सिलिंडरमध्ये 15 किलो वाढवा की," मॅनेजर म्हणाले. सिलिंडरमध्ये जागा होती, पण नोझलची भोकं 79 किलोच्या हिशोबाने पाडलेली. जास्त गॅस त्यातूनच सोडला तर तो बाहेर पडायचा वेळ 10 सेकंदांच्या मर्यादेपुढे जात होता. आणि ही मर्यादा उगाच नाही, ज्वाळेत हा गॅस जितका वेळ राहील तितका हायड्रोजन फ्लोराइड जास्त तयार होतो. तो माणसाला घातक आणि बोर्डांनाही खातो. शेवटी नोझल बदलली, वरच्या पोकळीत एक नवीन टाकलं, पाइपचं गणित पुन्हा केलं, वेळ 9 सेकंदांच्या आत आला.

या सगळ्याचं बिल एसीवाल्याच्या नावावर टाकायचं की बिल्डिंगच्या, यावर आत मीटिंग चालू होती. मी पंखा गाडीत टाकला.