डोमेनमधून काढा आणि परत जोडा: हा सल्ला मी का ऐकला नाही

आमची कंपनी तंबाखूच्या व्यापारातील आहे. मुख्य कार्यालय बेळगावात असून मी निपाणीच्या शाखेत काम करतो. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही, पण शाखेतील सर्वांत तरुण माणूस म्हणून प्रिंटरपासून राउटरपर्यंतच्या सगळ्या तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. या लेखातील प्रसंग जुलै महिन्यातील आहे, आणि तो लिहिण्याचे खरे कारण असे की, कंपनीच्या बेंगळूरुमधील हेल्पडेस्कने मला दीड दिवस एकच वाक्य ऐकवले: "लॅपटॉप डोमेनमधून काढा आणि परत जोडा." डोमेन म्हणजे कंपनीचे सगळे संगणक आणि खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था. ते वाक्य मी पाळले असते तर तो लॅपटॉप आम्हा सर्वांनाच बंद झाला असता.

आमच्या हिशेबनीस ताईंच्या लॅपटॉपची डिस्क बिघडली होती. सुदैवाने ४ मे रोजी घेतलेला पूर्ण इमेज बॅकअप, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, शाखेत होता आणि त्यानंतरच्या फायली सर्व्हरवर होत्या. नवी डिस्क बसवून ८ जुलै रोजी ती इमेज तिच्यावर उतरवली. विंडोज नीट सुरू झाले, ताईंनी आपला पासवर्ड टाकला आणि लॅपटॉपचे डोमेनशी असलेले विश्वासाचे नाते तुटल्याचे सांगणारे हे वाक्य पडद्यावर आले:

```
The trust relationship between this workstation
and the primary domain failed.
```

"अहो, पासवर्ड तर कालचाच आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण ही तक्रार त्यांच्या पासवर्डाबद्दल नव्हतीच. डोमेनमध्ये जसे माणसाचे खाते असते तसे प्रत्येक संगणकाचेही खाते असते, आणि त्या खात्यालाही पासवर्ड असतो. तो कोणी टाइप करत नाही. लॅपटॉप स्वतःच साधारण दर ३० दिवसांनी तो बदलतो, एक प्रत स्वतःकडे जपतो आणि दुसरी डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे, म्हणजे डोमेन कंट्रोलरकडे, नोंदवतो. आमच्या लॅपटॉपने मेच्या अखेरीस एकदा आणि २१ जूनला पुन्हा एकदा तो बदलला होता. ४ मेची इमेज उतरवताच लॅपटॉपच्या पोटात एप्रिलमधला पासवर्ड परत आला, आणि कंट्रोलरकडे मात्र जूनमधलाच राहिला. लॅपटॉप आपला चालू आणि त्याआधीचा असे दोन्ही पासवर्ड लावून पाहतो, पण इथे दोन बदल झालेले असल्यामुळे एकही जुळणे शक्य नव्हते.

हेल्पडेस्कच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो, "लॅपटॉप महिनाभर बंद होता का?" हा गैरसमज फार पसरलेला आहे. पासवर्ड बदलण्याचा पुढाकार लॅपटॉपकडून होतो, कंट्रोलरकडून नाही. त्यामुळे लॅपटॉप तीन महिने कपाटात पडून राहिला तरी दोन्हीकडचा पासवर्ड तोच राहतो आणि चालू केल्यावर तो मुकाट्याने बदलला जातो. नाते तुटते ते जुनी इमेज किंवा जुना रिस्टोअर पॉइंट परत आणल्यावर, त्याच नावाचा दुसरा संगणक डोमेनला जोडल्यावर, किंवा कोणी डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीतील, म्हणजे डिरेक्टरीतील, संगणकाचे खाते रीसेट केल्यावर. ते खाते पुसलेच गेले असेल तर बहुधा निराळा संदेश दिसतो. सर्व्हरच्या नोंदीत या संगणकाचे खातेच नाही, असे त्यात म्हटलेले असते. तो संदेश आला तर पुढे सांगितलेली दुरुस्ती चालत नाही. माझ्या आग्रहावरून त्यांनी शेवटी ही आज्ञा चालवली आणि २१ जून ही तारीख वाचून दाखवली, तेव्हा माझी खात्री पटली:

```
Get-ADComputer NPN-LT-07 -Properties PasswordLastSet
```

आता अडलेल्या जागेकडे येतो. डोमेन नाकारत असेल तेव्हा लॅपटॉपच्या स्वतःच्या प्रशासक खात्याने आत जावे, हा सरळ मार्ग आहे. आमच्याकडे त्या खात्याचा पासवर्ड लॅप्स ही व्यवस्था ठरवते. ती तो ठराविक दिवसांनी बदलते आणि डिरेक्टरीत लिहून ठेवते. साहेबांनी तो डिरेक्टरीतून काढून फोनवर एकेक अक्षर सांगितला. चौदा अक्षरे, त्यात लहान-मोठी लिपी आणि चिन्हे. फोनवर थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, बाहेर पत्र्यावर पावसाचा आवाज. पासवर्ड चुकीचा असल्याचे लॅपटॉपने सांगितले. आम्ही तो दुसऱ्यांदा लिहून घेतला, तिसऱ्यांदा ताईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवला आणि मी त्यावर बोट ठेवून टाइप केला. तरीही नकारच आला. अर्धा तास आम्ही एकमेकांच्या उच्चारांना दोष देत होतो, आणि साहेबांनी तर माझ्या कीबोर्डची भाषा बदलली आहे का, असेही विचारून घेतले.

खरे कारण पुन्हा ती जुनी इमेज हेच होते. लॅप्सचा पासवर्डही मे ते जुलैच्या दरम्यान बदललेला होता. डिरेक्टरीत नवा पासवर्ड होता आणि इमेजमधल्या लॅपटॉपला जुनाच माहीत होता. ज्या कारणाने डोमेनशी नाते तुटले त्याच कारणाने मागचे दारही बंद झाले होते. लॅप्समध्ये जुन्या पासवर्डांचा इतिहास ठेवण्याची सोय चालू केलेली असती तर मेमधला पासवर्ड मिळाला असता, पण आमच्याकडे ती चालू नव्हती.

इथेच "काढा आणि परत जोडा" हा सल्ला धोक्याचा ठरतो. लॅपटॉप डोमेनमधून काढला की पुढच्या सुरुवातीनंतर डोमेनच्या कोणत्याही खात्याने त्यात जाता येत नाही; उरते ते फक्त त्याचे स्वतःचे स्थानिक खाते, आणि आमच्याकडे त्याचा चालणारा पासवर्ड नव्हता. म्हणून डोमेन सोडण्याआधी स्थानिक प्रशासक खात्याने एकदा प्रत्यक्ष आत जाऊन पाहावे. पासवर्ड कागदावर असणे पुरेसे नाही.

मला सुचलेला मार्ग असा होता. विंडोज आधी येऊन गेलेल्या डोमेन-वापरकर्त्यांची ओळख लॅपटॉपवर जपून ठेवते, म्हणूनच गावाबाहेर, नेटवर्क नसतानाही आपल्याला लॉगिन करता येते. माझे डोमेन खाते त्या लॅपटॉपच्या प्रशासक गटात होते, आणि एप्रिलमध्ये प्रिंटर बसवताना मी त्यात एकदा शिरलो होतो. मी लॅनची केबल काढली, लॉगिनच्या पडद्यावरूनच वाय-फाय बंद केले आणि पासवर्ड टाकला. नकार आला. क्षणभर मीही खचलो, पण मग लक्षात आले की जूनमध्ये मी पासवर्ड बदलला होता आणि या लॅपटॉपच्या आठवणीत एप्रिलचाच मी आहे. एप्रिलचा पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप उघडला. मला झालेला आनंद ताईंना फारसा कळला नाही. त्यांना ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ भरायचा होता.

आत गेल्यावर घाईने केबल जोडली नाही. आधी पॉवरशेल प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ठेवले आणि मगच केबल जोडली. लॅपटॉपवर पॉवरशेल ७ असेल तर ते वापरू नये, खालील आज्ञा त्यात नाहीच. विंडोजसोबत येणारे ५.१ उघडावे. मी पहिल्यांदा नेमके चुकीचे उघडले आणि आज्ञा ओळखता येत नसल्याची लाल ओळ पाहून पुन्हा घाबरलो. बरोबर खिडकीत पहिल्या ओळीचे उत्तर False आले, म्हणजे निदान पक्के झाले. मग दुसरी ओळ चालवली:

```powershell
Test-ComputerSecureChannel -Verbose
Test-ComputerSecureChannel -Repair -Credential (Get-Credential)
```

दुसरी ओळ नाव आणि पासवर्ड मागते. तिथे ज्याला डिरेक्टरीतील संगणक-खात्याचा पासवर्ड रीसेट करण्याचा अधिकार आहे, असे खाते लागते. माझे खाते चालणार नव्हते. साहेबांनी दूरस्थपणे लॅपटॉपचा ताबा घेऊन आपला पासवर्ड स्वतः टाकला, आणि तो मला सांगितला नाही, हे त्यांनी योग्यच केले. काही सेकंदांत True आले. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ताईंनी आपल्या कालच्या पासवर्डाने लॉगिन केले आणि त्यांचा डेस्कटॉप, त्यांची फोल्डरे, नातवाचा फोटो, सगळे जागच्या जागी होते. डोमेन सोडायची वेळच आली नाही. दुरुस्तीने False दिले असते तर आधी लॅपटॉपला डोमेन कंट्रोलर सापडतो का, म्हणजे सर्व्हरचा पत्ता शोधून देणारा त्याचा डीएनएस कंपनीच्या सर्व्हरकडे आहे की बाहेरच्या, ते मी पाहिले असते.

दुरुस्तीने काम होत नसेल आणि खरोखरच परत जोडावे लागले, तर एक गोष्ट आठवणीत ठेवावी, जी मला मागच्या वर्षीच्या दुसऱ्या लॅपटॉपमुळे ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२२च्या सुरक्षा-अद्यतनांपासून, डिरेक्टरीत आधीच असलेल्या नावावर संगणक जोडताना विंडोज ते खाते मूळ कोणी तयार केले हे तपासते. जोडणारा माणूस तोच नसेल, आणि खाते तयार करणारा डोमेन प्रशासकही नसेल आणि धोरणात त्याला मुभाही दिलेली नसेल, तर 0xaac ही चूक येते आणि कारण `C:\Windows\debug\netsetup.log` या फाइलीत लिहिले जाते. त्या वेळी हेल्पडेस्कचा उपाय होता जुने खाते पुसून टाकण्याचा. तो करण्याआधी त्या खात्याखाली काय जपलेले आहे ते पाहावे, कारण डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरच्या रिकव्हरी की तिथेच ठेवल्या जात असतील तर खात्याबरोबर त्याही जातात, लॅप्सचा पासवर्डही जातो, आणि नवे खाते वेगळ्या ओळख-क्रमांकाने जन्मत असल्याने त्याचे गट पुन्हा लावावे लागतात. खाते पुसण्यापेक्षा ते ठेवून ज्याने ते तयार केले त्याच्याकडूनच जोडून घेणे बरे.

एक गोष्ट मी त्या दिवशी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी आठवली. नाते जुळले तरी लॅप्सचा पासवर्ड अजूनही डिरेक्टरीत वेगळा आणि लॅपटॉपमध्ये वेगळाच होता, आणि डिरेक्टरीतील मुदत संपेपर्यंत तो आपोआप बदलणार नव्हता. पुढच्या बिघाडात आम्ही पुन्हा त्याच बंद दारावर आदळलो असतो. म्हणून प्रशासकाच्या खिडकीत `Reset-LapsPassword` चालवून नवा पासवर्ड दोन्हीकडे एकत्र लिहून घेतला, मग साहेबांना तो फोनवर सांगायला लावला आणि स्थानिक खात्याने खरोखर आत जाऊन पाहिले. या वेळी पहिल्याच प्रयत्नात दार उघडले. पाऊसही थांबलेला होता.

ताईंनी जीएसटीआर-१ दहा तारखेला भरला. त्याच संध्याकाळी हेल्पडेस्ककडून तिकीट बंद झाल्याचा ईमेल आला, आणि उपायाच्या रकान्यात लिहिले होते: लॅपटॉप डोमेनमधून काढून परत जोडला.