सावलीतलं भांडण

"मॅडम, गाडीवर कोणी उद्धट बोललं तर तुम्हाला राग नाही येत का? तिथल्या तिथे उत्तर सुचतं तरी कसं?"

राग येतो ना, खूप येतो. आणि सुचत वगैरे काही नाही, माझी तीन-चार उत्तरं ठरलेली आहेत, तीच फिरवून वापरते.

मागच्या मे महिन्यातलं सांगते. दुपारचे अडीच, शंकरनगरकडे जात होते, सिग्नल लाल. आता नागपूरकर उन्हाळ्यात सिग्नलला कुठे थांबतो तुम्हाला माहीतच आहे, रेषेवर नाही, झाडाखाली. मी पण मागेच कडुनिंबाच्या सावलीत थांबले, पुढे सगळी मोकळी जागा. मागून एकाने हॉर्न दाबूनच धरला. "ओ आंटी, झोपल्या का? चला ना!"

आधी मी स्कार्फ खाली ओढला. हे मी चुकून शिकले. आपल्याकडे बायका तोंड पूर्ण बांधून गाडी चालवतात, फक्त डोळे दिसतात, त्यामुळे हसत बोललं तरी समोरच्याला टोमणाच ऐकू येतो. मग हळू आवाजात बोलले, ऐकायचं तर त्याला हॉर्न सोडावाच लागला. "झोपच लागली होती भाऊ, बरं झालं उठवलंत. अजून बेचाळीस सेकंद आहेत, पडू का परत?"

यात हसं माझं झालं, त्याचं नाही, सगळी गंमत तिथेच आहे. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एकाला मी म्हटलं होतं, "एवढी घाई आहे तर विमानाने यायचं ना." वाक्य भारी होतं, त्याच्या मागे बसलेला मित्र खो खो हसला आणि तिथेच घोळ झाला. मित्रासमोर पडती बाजू कोण घेतो? त्याने गाडी स्टँडला लावली, माझ्या गाडीची चावी काढून घेतली, चौकात पाच मिनिटं तमाशा. तेव्हापासून कोणाच्या मागे मित्र, बायको, पोरगं बसलेलं असेल तर मी जोकच मारत नाही, सरळ "सॉरी दादा" म्हणून मोकळी होते. चूक त्याची असली तरी, हो.

आणि दारूचा वास आला किंवा तो गाडीवरून उतरायला लागला तर सॉरी पण नाही. गाडी बंद करायची नाही, मी पण उतरायचं नाही, नजर सिग्नलवर, हिरवा झाला की निघायचं. तिथे हुशारी दाखवायला गेलं की मार खायची वेळ येते.

तर तो हॉर्नवाला. एकटाच होता, डोक्यावर ओला गमछा. आधी माझ्याकडे बघितलं, मग सिग्नलकडे, मग पुढच्या तापलेल्या रिकाम्या रस्त्याकडे. हॉर्नवर नुसता टेकवलेला अंगठाही काढला आणि म्हणतो, "मग थोडं सरका ना आंटी, मला पण सावलीत येऊ द्या."