आधी नाव, मग आकडा, मग पिन

"तुमच्या आजी भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देतात म्हणे! या वयात त्यांना हे शिकवलंत तरी कसं? आमच्याकडे आई फोनला हात लावायलाच घाबरते."

एकूण तीन आठवडे लागले, आणि त्यात प्रत्यक्ष स्कॅन करण्याचा भाग जेमतेम एका दुपारचा होता. आजीला अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच. तिचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच होता आणि तो अगदी रास्त होता: हातातून नोट गेलेली दिसते, तसे हे पैसे गेलेले आणि त्याच माणसाकडे गेलेले मला कशावरून कळणार?

पहिला आठवडा तर फोनशिवायच गेला. युपीआय सुरू करताना अ‍ॅप त्या फोनमधल्या सिमवरून बँकेकडे आपणहून एक संदेश पाठवते आणि त्या क्रमांकाला जोडलेले खाते शोधते. आजीच्या खात्याला मात्र काकांचा क्रमांक जोडलेला होता, कारण खाते उघडताना तिच्याकडे फोनच नव्हता. त्यामुळे अ‍ॅप "या क्रमांकावर खाते आढळले नाही" एवढेच सांगत राहिले आणि आजीने त्याचा अर्थ आपले खाते बुडाले असा लावला. शाखेत जाऊन अर्ज दिला, क्रमांक बदलून घेतला, मगच पुढचे सगळे सुरळीत झाले. तुमच्या आईच्या बाबतीतही आधी हेच तपासून पाहा, कारण घरातल्या ज्येष्ठांच्या खात्याला मुलाचा क्रमांक असणे ही अगदी सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

त्याच फेरीत आम्ही आणखी एक गोष्ट केली. आजीचे पेन्शन ज्या खात्यात येते ते फोनला जोडलेच नाही. तिचे एक जुने बचत खाते होते, त्यात दोन हजार रुपये ठेवले आणि फक्त तेच जोडले. चूक झालीच तर ती दोन हजारांच्या आतली, हे कळल्यावर तिचा हात बराच हलका झाला, आणि खरे सांगायचे तर माझाही.

पिन ठरवताना तिने प्रथम स्वतःचे जन्मसाल सांगितले. ते नको म्हटल्यावर आजोबांचे सांगितले. शेवटी मी खोलीबाहेर गेलो आणि तिने कुठले तरी चार आकडे ठरवले, जे मला आजही ठाऊक नाहीत. ते फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवण्याचा तिचा बेत मात्र मी हाणून पाडला. तिला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकायला लावली: पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. त्यामुळे "तुमच्या खात्यात पैसे जमा करतो, पिन टाका" असे कुणी म्हणाले, तर पुढचा शब्द ऐकण्याआधी फोन ठेवायचा.

लहान रकमांसाठी पिन न मागणारी युपीआय लाइट नावाची सोय आहे, तीही मी तिला दाखवली. त्यात आधी थोडे पैसे भरून ठेवायचे आणि सध्याच्या नियमानुसार एका वेळी हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय करायचा. थरथरत्या हातांना ती सोपी पडेल असा माझा अंदाज होता. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला न विचारता पैसे जाणारी सोय? ती तुम्ही वापरा." मी वाद घातला नाही.

सरावासाठी पहिले दहा दिवस भाजीवाला मीच होतो. माझ्या फोनवर माझा कोड उघडून मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहायचो आणि आजी मला एक-एक रुपया द्यायची. यात दोन गोष्टी लक्षात आल्या, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे तिची बोटे इतकी कोरडी की काचेला ती कळतच नसत. मग ती जोरात दाबायची, तरी काही होत नसे, आणि चौथ्यांदा दाबले की एकदम दोन शून्ये उमटत. बोट ओल्या फडक्याला टेकवून पुसले आणि दाबण्याऐवजी नुसते टेकवले की काम होते, हे तिनेच शोधून काढले. दुसरी गोष्ट अशी, की ती फोन कोडच्या अगदी जवळ न्यायची, वाचायला पुस्तक डोळ्यांजवळ धरावे तसा. त्यामुळे चित्र पुसट होई. वीतभर लांब धरून क्षणभर स्थिर ठेवला की कोड आपोआप ओळखला जातो, वेगळे बटण दाबावे लागत नाही.

तो कोड तिला क्रॉस-स्टिचच्या नमुन्यासारखा दिसला. "यात उलटे-सुलटे कसे कळते?" असे तिने विचारले, आणि हा प्रश्न मला स्वतःला कधीच पडलेला नव्हता. त्याचे उत्तर कोपऱ्यांत असते. चारपैकी तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि चौथा मोकळा असतो, त्यावरून फोनला दिशा समजते, म्हणून कोड आडवा किंवा उलटा धरला तरी बिघडत नाही. मधल्या भागात थोडी माती लागली किंवा ओरखडा आला तरीही चालते, कारण तीच माहिती भरून काढता येईल अशी जादा नोंद त्या नमुन्यात मुद्दाम ठेवलेली असते. तो मोठा चौकोन झाकला गेला तर मात्र फोन बहुधा हटून बसतो.

याचा उपयोग पहिल्याच दिवशी झाला. आमचा भाजीवाला कोड गाडीच्या दांड्याला सुतळीने बांधतो, आणि त्या सकाळी कोथिंबिरीची जुडी त्याच्या एका कोपऱ्यावर आली होती. आजीने दोनदा प्रयत्न केला, मग फोन खाली घेतला आणि हाताने जुडी बाजूला सारली. मी दोन पावले मागे गप्प उभा होतो. कोड लागलीच ओळखला गेला आणि पडद्यावर एका बाईचे नाव आले.

इथे आजी थांबली. "भाऊ, हे तुमचे नाव नाही," ती म्हणाली. मागे दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. भाजीवाला म्हणाला, "आजी, बरोबर आहे, टाका तुम्ही." आजीने टाकले नाही. मग त्याने सांगितले की खाते बायकोच्या नावावर आहे, आणि बायको पलीकडच्या गाडीवर कांदे-बटाटे विकते. आजीने तिकडे हाक मारून तिचे नाव विचारले, ते पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहिले आणि मगच आकडा टाकला. मला त्या वेळी थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो. पण ती बरोबर होती. कोडच्या चिकटपट्टीवर दुसऱ्याचा कोड डकवून पैसे वळवण्याचे प्रकार घडतात, आणि डोळ्यांना दोन्ही कोड सारखेच दिसतात. फरक कळण्याची एकच जागा असते, ती म्हणजे स्कॅन झाल्यावर दिसणारे नाव.

तेव्हापासून तिचा क्रम ठरून गेला आहे. स्कॅन झाल्यावर ती नाव मोठ्याने वाचते, मग आकडा टाकून तोही मोठ्याने वाचते, आणि भाजीवाल्याने "हो" म्हटल्यावरच पिन टाकते. गाडीवरच्या कोडमध्ये रक्कम भरलेली नसते, फक्त कुणाला द्यायचे एवढेच असते, त्यामुळे आकड्याची जबाबदारी सर्वस्वी देणाऱ्याची असते. एकदा चाळिसाचे चारशे झाले होते. तिने "चारशे" असे मोठ्याने वाचले आणि भाजीवालाच ओरडला, "आजी, थांबा!"

तिची एक तक्रार मात्र मला खोडता आलेली नाही. रोख देताना ती "सुटे नाहीत" म्हणून त्रेचाळिसाचे चाळीस करून घ्यायची. फोनवर त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीसच जातात.

खरी परीक्षा साधारण महिन्याने झाली. सकाळी पहिलेच गिऱ्हाईक आजी होती आणि भाजी ७३ रुपयांची झाली होती. नाव, आकडा, पिन, सगळे यथासांग पार पडले आणि पडद्यावर हिरव्या खुणेऐवजी पिवळे घड्याळ आले: व्यवहार प्रक्रियेत आहे. पाठोपाठ बँकेचा संदेश आला की ७३ रुपये वजा झाले. भाजीवाल्याचा फोन मात्र गप्पच. अशा वेळी बहुतेक लोक जे करतात, म्हणजे पुन्हा स्कॅन करून पुन्हा पैसे पाठवणे, ते करू नको असे मी तिला सांगून ठेवले होते, कारण मागाहून दोन्ही व्यवहार पुरे झाले तर पैसे दोनदा जातात. भाजीवाला उद्या द्या म्हणाला. पण भवानीच्या वेळी उधारी ठेवायला आजी तयार होईना. तिने पदराच्या गाठीतून ७३ रुपये रोख काढून दिले आणि बजावले, "रात्री हे फोनचे आले, तर तुम्ही मला द्यायचे."

घरी येऊन तिने हिशेबाच्या वहीत "७३ येणे" असे लिहिले आणि त्याच्यापुढे, माझ्याकडून शोधून घेऊन, त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक उतरवला. बँकेत तक्रार करायची वेळ आली तर तोच क्रमांक विचारतात, पडद्याचा फोटो पुरत नाही. याबाबत रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम स्पष्ट आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाणारे पैसे खात्यातून वजा होऊन पलीकडे पोहोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या व्यापारी खात्याकडे जाणारे असतील तर पाच दिवसांत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. भाजीवाल्याच्या बायकोचे खाते यांपैकी कुठल्या प्रकारचे होते हे आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून आजीने वहीत पाच दिवसांनंतरची तारीखही लिहून ठेवली.

मधल्या दोन दिवसांत तिने फोन कपाटात ठेवून दिला होता आणि रोखीनेच भाजी आणली. मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा संदेश आला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, वही काढली, "७३ येणे" याच्यापुढे "आले" असे लिहिले आणि फोन चार्जिंगला लावला.